मोठ्या फोटोतला तुकडा दुरुस्त करून परत बसवताना

शाळेचा जुना ग्रुप फोटो. पुढे खुर्च्यांवर गुरुजी, मागे बाकांवर उभी मुलं, कृष्णधवल छपाई आणि ती जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेली. पुठ्ठ्याच्या खालच्या पट्टीवर शाळेचं नाव आणि गाव: अनसिंग, ता. वाशीम, जि. अकोला. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी वेगळा झाला, त्यामुळे त्याआधीच्या फोटोवर जिल्हा अकोलाच असणार. असे फोटो दुरुस्तीला येतात तेव्हा त्यांत दोन दुखणी हमखास असतात. एक म्हणजे घडी पडून वरचा थर उडालेली पांढरी रेघ, आणि दुसरं म्हणजे पावसाळ्यातल्या ओलीने आलेला पिवळट डाग. या लेखात असाच एक फोटो उदाहरणाला घेऊ. तो मोठ्या आकारात स्कॅन करायचा, त्यातला खराब तुकडा वेगळा काढून दुरुस्त करायचा आणि परत असा बसवायचा की फोटो कितीही मोठा केला तरी तुकड्याची कड सापडू नये.

आधी एक सावधगिरी. फोटो फ्रेमच्या काचेला चिकटलेला असेल तर तो ओढून काढू नका. छपाईवरचा जिलेटिनचा थर ओलीने मऊ होऊन काचेला धरतो आणि ओढला की चेहऱ्यासकट काचेवर राहतो. असा फोटो काचेसकटच स्कॅन करावा.

तुकडा का काढायचा

आपला फोटो पुठ्ठ्यासकट आठ बाय दहा इंच आहे असं धरू. एफोर स्कॅनरच्या काचेवर तो पूर्ण मावतो. १२०० डीपीआयवर स्कॅन केला की १२००० बाय ९६०० पिक्सेलचं चित्र मिळतं, म्हणजे ११.५ कोटी पिक्सेल. रंगीत आणि १६ बिटमध्ये घेतलं तर एकच थर ६९१ एमबी जागा घेतो. दुरुस्ती करताना असे सात थर सहज होतात आणि ते जवळपास ४.८ जीबीवर जातात. आठ जीबी रॅमच्या साध्या कॉम्प्युटरवर मग ब्रशचा एक फटका मारला की बराच वेळ थांबावं लागतं. माणूस कंटाळतो आणि फोटो लहान करून काम उरकतो. तपशील तिथेच गेला.

त्याऐवजी २४०० बाय २००० पिक्सेलचा तुकडा घेतला तर तो मूळ चित्राचा चोविसावा भाग होतो, आणि त्याचा एक थर जेमतेम २९ एमबीचा असतो. मूळ फोटोवर हा तुकडा साधारण पाच सेंटिमीटर बाय सव्वाचार सेंटिमीटर इतकी जागा व्यापतो. तेवढ्यात शेजारी बसलेले दोन गुरुजी खांद्यांसकट येतात आणि भोवती मोकळी जागाही उरते.

या मोकळ्या जागेत कंजूषपणा करू नका. खराब भागाच्या चारही बाजूंना किमान ३०० पिक्सेल निरोगी भाग हवा. दुरुस्तीसाठी कापडाचा पोत, पार्श्वभूमीचा करडेपणा, त्वचेचा उजेड हे सगळं तिथूनच उचलायचं असतं. शिवाय तुकड्याची कड याच निरोगी भागातून गेली पाहिजे. तसं का, ते पुढे येईलच.

तुकडा काढताना

दुरुस्तीसाठी गिंप हा मोफत प्रोग्राम पुरेसा आहे. तुकडा काढणं आणि परत बसवणं मात्र इमेजमॅजिकवर करा. तोही मोफतच आहे. त्यात अख्खा फोटो पडद्यावर उघडावा लागत नाही आणि एका पिक्सेलचीही चूक होत नाही. फोटोच्या डाव्या-वरच्या कोपऱ्यापासून ४००० पिक्सेल उजवीकडे आणि २६०० पिक्सेल खाली आपला तुकडा सुरू होतो असं धरलं, तर आज्ञा अशी:

```
magick photo.tif -crop 2400x2000+4000+2600 +repage tukda.tif
```

`4000` आणि `2600` हे आकडे फाइलच्या नावातच लिहून ठेवले तर उत्तम. महिन्याभराने फाइल उघडली तरी तुकडा कुठला हे शोधत बसावं लागत नाही.

आता या तुकड्याच्या बाबतीत तीन गोष्टी अजिबात करू नका. त्याचा आकार बदलू नका, थोडासाही नाही. तो जेपीजीमध्ये साठवू नका. काम संपेपर्यंत टिफच ठेवा. आणि अख्ख्या तुकड्याचा उजेड, कॉन्ट्रास्ट किंवा रंग बदलू नका. फोटो एकंदर उजळ करायचा असेल तर ते काम तुकडा काढण्यापूर्वी किंवा बसवल्यानंतर पूर्ण फोटोवर करायचं. गिंपमध्ये फाइल उघडताना रंगाच्या प्रोफाइलबद्दल विचारणा झाली तर `Keep` निवडा, आणि एक्सपोर्ट करताना प्रोफाइल सोबत जाऊ द्या.

तुकडा दुसऱ्या कुणाकडे दुरुस्तीला पाठवत असाल तर व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका. तो वाटेतच लहान होतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, आणि वरच्या तिन्ही अटी समोरच्याला आधीच सांगा.

डाग आणि घडी: दोन वेगळी कामं

बहुतेकांची चूक इथेच होते. डाग आणि घडी दोन्हींवर एकच मऊ ब्रश फिरवला जातो, आणि मग दुरुस्त केलेली जागा गुळगुळीत, मेणासारखी दिसते.

कारण ग्रेनमध्ये आहे. जुन्या छपाईत जो बारीक रवाळ पोत दिसतो तो ग्रेन. माणसाचा डोळा त्याकडे मुद्दाम बघत नाही, पण तो नसला की लगेच खटकतं. आता मऊ ब्रशच्या कडेला काय घडतं ते पाहा. तिथे खालचा ग्रेन अर्धा आणि वरून आणलेला ग्रेन अर्धा असे मिसळतात. हे दोन ग्रेन एकमेकांशी जुळणारे नसतात. एकाचा काळा ठिपका दुसऱ्याच्या पांढऱ्यावर पडतो आणि दोघांचा जोर उतरतो. हिशेब केला तर निम्म्या-निम्म्या मिश्रणात ग्रेनचा जोर साधारण ७० टक्केच उरतो. म्हणजे कड जितकी रुंद आणि मऊ, तितका रुंद पुसट पट्टा. सांधा लपवायला म्हणून कड मऊ केली, आणि त्या मऊपणानेच सांधा उघडा पडला.

डागाची गोष्ट वेगळी आहे. ओलीच्या डागाखाली मूळ ग्रेन बहुतेक वेळा शाबूत असतो. बदललेली असते ती फक्त छटा. ग्रेन जागच्या जागी ठेवून नुसती छटा सुधारली तर दोन्हीकडे ग्रेन तोच असतो, आणि मग कड कितीही रुंद ठेवली तरी तो पुसट होत नाही. म्हणून नियम सोपा आहे. जिथे फक्त छटा बदलायची तिथे कड रुंद, आणि जिथे ग्रेनच नवा आणायचा तिथे कड अरुंद. पीटर बर्ट आणि एडवर्ड ॲडल्सन यांनी १९८३ मध्ये चित्रं एकमेकांत मिसळण्याची जी पद्धत मांडली तिचा गाभा हाच होता: मोठ्या छटा रुंद पट्ट्यात मिसळा, बारीक तपशील अरुंद पट्ट्यात.

गिंपमध्ये हे हाताने करता येतं. तुकड्यावर `Filters > Enhance > Wavelet-decompose` चालवा आणि पाच पातळ्या ठेवा. चित्राचे सहा थर होतात. वरच्या पाच थरांत बारीक ते मध्यम तपशील असतो आणि तळाच्या `Residual` थरात फक्त मोठ्या, अंधुक छटा राहतात. सहाही थर एकत्र दिसू दिले की चित्र पुन्हा जसंच्या तसं.

डागासाठी `Residual` थर निवडा. आपल्या फोटोत डाग दुसऱ्या गुरुजींच्या कोटाच्या कॉलरवर आहे असं धरा. डागाच्या कडेबाहेरच्या स्वच्छ कापडाची छटा क्लोनने किंवा हीलने हलक्या हाताने डागावर आणा. ब्रश मोठा आणि मऊ चालेल, कारण या थरात ग्रेन नाहीच. कॉलरची शिवण, बटण, कापडाचा पोत हे वरच्या थरांत असल्याने ते हलत नाहीत. डागाची कड गडद रेषेसारखी असेल तर ती मधल्या एक-दोन थरांतही थोडी उतरलेली दिसेल. तिथे तेवढ्या रेषेपुरतंच काम करा.

घडी मात्र अशी सुटत नाही. तिथे मूळ चित्रच गेलं आहे. १२०० डीपीआयवर एक मिलिमीटर म्हणजे ४७ पिक्सेल, त्यामुळे अर्धा मिलिमीटर रुंद रेघ पडद्यावर चोवीस पिक्सेलची होते. डागाचं काम झाल्यावर दिसणारे सगळे थर `New from Visible` करून एका नव्या थरात घ्या, तो थर सगळ्यांच्या वर न्या आणि घडी या थरावर क्लोन ब्रशने भरा. ब्रश रेघेपेक्षा किंचित मोठा, तीस-पस्तीस पिक्सेलचा ठेवा आणि त्याची कड बऱ्यापैकी कडक ठेवा. एकाच जागेवरून उचलत राहू नका. तीच खूण ओळीने पुन्हा पुन्हा दिसू लागते, आणि ती घडीपेक्षा वाईट दिसते. टोपीवरची रेघ टोपीतूनच भरा, गालावरची गालातूनच, आणि तेही जवळपास तितक्याच उजेडाच्या जागेवरून घेऊन. ग्रेन सगळीकडे सारखा नसतो. करड्या छटेत तो ठळक असतो, पांढऱ्याशुभ्र किंवा गडद काळ्या भागात कमी दिसतो.

घडी पूर्ण फोटोवर तिरपी गेलेली असते, म्हणजे ती आपल्या तुकड्याच्या कडेबाहेरही जाणारच. मोह आवरा आणि तुकड्याच्या कडेपासून ३०० पिक्सेल आत आल्यावर थांबा. उरलेली घडी पुढच्या तुकड्यात घ्या. हा पुढचा तुकडा जुन्या स्कॅनमधून काढायचा नाही. पहिला तुकडा जिथे बसवला आहे त्या नव्या फोटोतून काढायचा.

ग्रेन कमी पडला तर

एवढं करूनही एखादी जागा गुळगुळीत होते, विशेषतः हील ब्रश जास्त फिरला तर. अंदाजावर न जाता मोजून पाहा. गिंपची `Histogram` खिडकी उघडा आणि गुळगुळीत दिसणाऱ्या भागात साधारण ऐंशी पिक्सेलचा चौकोन निवडा. तिथे `Std dev` हा आकडा दिसेल. मग तशाच छटेच्या, हात न लावलेल्या सपाट भागात तेवढाच चौकोन निवडून आकडा पाहा. चौकोनात शिवण, सुरकुती किंवा सावलीची कड येऊ देऊ नका, नाहीतर आकडा ग्रेनचा राहत नाही.

समजा २५५ च्या मापावर मूळ भागात ६ आला आणि दुरुस्त भागात ४.५. किती ग्रेन घालायचा? उत्तर दीड नाही. दोन ग्रेन एकमेकांवर चढतात तेव्हा त्यांच्या वर्गांची बेरीज होते. ३६ मधून २०.२५ गेले, उरले १५.७५, आणि त्याचं वर्गमूळ जवळपास ४. म्हणजे ४ इतक्या जोराचा ग्रेन हवा.

तो `Noise` फिल्टरने आणला तर बहुतेक वेळा फसतो. फिल्टरचा रवा एकेका पिक्सेलचा असतो, तर १२०० डीपीआयच्या स्कॅनमध्ये छपाईचा रवा अनेक पिक्सेलांवर पसरलेला असतो. त्यामुळे आकडा जुळला तरी पोत जुळत नाही. ग्रेन याच फोटोतून घ्यावा. त्याच छटेचा सपाट भाग, समजा मागच्या भिंतीचा, कॉपी करून वेगळ्या चित्रात न्या. त्याची दुसरी प्रत वर ठेवून ती `Gaussian Blur` ने दहा-बारा पिक्सेल अंधुक करा आणि त्या वरच्या थराचा मोड `Grain extract` करा. जे दिसेल ते `New from Visible` करून घ्या. हाती राखाडी पाटीवर नुसता ग्रेन येतो. तो दुरुस्त भागावर ठेवून मोड `Grain merge` करा आणि लेयर मास्कने जिथे हवा तिथेच दिसू द्या. या ग्रेनचा स्वतःचा जोर ६ आहे आणि आपल्याला ४ हवा आहे, म्हणून `Opacity` ६५ च्या आसपास ठेवा. मग पुन्हा चौकोन निवडून आकडा पाहा.

परत बसवताना

दुरुस्त तुकडा `tukda-nava.tif` या नावाने टिफमध्ये एक्सपोर्ट करा. आता एक मास्क लागेल: दुरुस्ती जिथे झाली तिथे पांढरा, बाकी काळा. गिंपमध्ये तुकड्यावर काळा थर टाकून दुरुस्त भाग पांढऱ्या ब्रशने रंगवा आणि तेवढाच थर `mask.png` म्हणून एक्सपोर्ट करा. पांढरा भाग दुरुस्तीच्या कडेबाहेर साधारण चाळीस पिक्सेल जाऊ द्या. डागाभोवती तो याहून बराच पुढे न्या. मग मास्कची कड थोडी मऊ करा आणि तुकडा बसवा:

```
magick mask.png -blur 0x12 mask-mau.png
magick photo.tif ( tukda-nava.tif mask-mau.png -alpha off -compose CopyOpacity -composite ) -geometry +4000+2600 -compose Over -composite -alpha off photo-nava.tif
```

ही आज्ञा विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टसाठी आहे. लिनक्सवर कंसांआधी `\` लावावा लागतो.

चाळीस पिक्सेल पुढे का जायचं, तर मास्कचा मऊपणा हात न लावलेल्या भागावर पडावा म्हणून. तिथे तुकडा आणि मूळ फोटो अगदी सारखे असतात. सारख्यात सारखं मिसळलं तर काहीच बदलत नाही, ग्रेनही नाही. हीच या सगळ्या कामाची किल्ली आहे. सांधा मऊपणाने लपत नाही. दोन्ही बाजूंचे पिक्सेल तेच असतील तरच तो नाहीसा होतो. सुरुवातीला निरोगी भाग भरपूर ठेवला आणि तुकड्याचा एकूण रंग-उजेड हलवला नाही, ते याचसाठी.

काम बरोबर झालं का

डोळ्यांवर विसंबण्याआधी दोन्ही तुकड्यांची वजाबाकी करा:

```
magick tukda.tif tukda-nava.tif -alpha off -compose difference -composite -auto-level farak.png
```

`farak.png` मध्ये फक्त घडीची रेघ आणि डागाची जागा उजळलेली दिसली पाहिजे, बाकी सगळं काळं. तसं नसेल तर चित्र बघूनच चूक ओळखता येते. चेहऱ्यांच्या आणि खुर्च्यांच्या बाह्यरेषा उठावदार दिसल्या तर तुकडा एखाद्या पिक्सेलने सरकला आहे किंवा त्याचा आकार मध्येच बदलला गेला आहे. मोठमोठे भाग मूळ चित्राच्या छटेप्रमाणे उजळलेले दिसले तर कुठेतरी प्रोफाइल, उजेड किंवा कॉन्ट्रास्ट बदलला आहे. सगळीकडे बारीक चौकोनी ठिपके दिसले तर मध्ये कुणीतरी जेपीजी केली आहे. जेपीजी आठ बाय आठ पिक्सेलच्या चौकोनांत चित्र साठवते, त्यांचेच ते ठसे. या तिन्हींपैकी काहीही दिसलं तर मास्क आणखी मऊ करून वेळ मारून नेऊ नका. मागे जा आणि ती पायरी पुन्हा करा.

मग पूर्ण फोटो दोन अंतरांवरून पाहा. १०० टक्क्यांवर ग्रेन आणि बारीक रेषा तपासता येतात, पण छटेचा ढग तिथे दिसत नाही. तो पूर्ण फोटो पडद्यावर मावेल इतका लहान केल्यावरच दिसतो. दोन्हीकडे ठीक असेल तर फोटोच्या थराची एक तात्पुरती प्रत वर घेऊन तिच्यावर `Curves` ने कॉन्ट्रास्ट भरपूर वाढवा. लपलेला सांधा असलाच तर तो इथे वर येतो. पाहून झालं की तो थर काढून टाका. शेवटी दुरुस्त भागाची एक छोटी पट्टी, ज्या आकारात फोटो छापायचा आहे त्याच मापात, त्याच कागदावर छापून बघा. लॅबला लागणारी जेपीजी अगदी शेवटी, एकदाच काढा.

कुठे थांबायचं

घडी कपाळावरून किंवा कोटावरून गेली असेल तर ती भरता येते, कारण शेजारी तसाच पोत असतो. ती डोळ्यावरून किंवा ओठांवरून गेली असेल तर शेजारून उचलण्यासारखं काही नसतं. दुसरा डोळा उलटा करून बसवला की चेहरा पूर्ण दिसतो, पण तो त्या माणसाचा राहत नाही. अशा वेळी घरच्यांना त्याच व्यक्तीचा, त्याच सुमाराचा दुसरा फोटो आहे का विचारा. नसेल तर रेघेचा पांढरेपणा तेवढा कमी करून खूण राहू द्या, आणि तसं त्यांना सांगा. पुठ्ठ्यावरच्या अक्षरांनाही हाच नियम आहे. पुसट झालेलं 'जि. अकोला' स्वच्छ करायला हरकत नाही, पण आजच्या माहितीप्रमाणे तिथे वाशीम लिहिणं ही दुरुस्ती नव्हे.

काम संपल्यावर दुरुस्त फोटोबरोबर मूळ स्कॅनची हात न लावलेली टिफ फाइलही पेनड्राइव्हवर घरच्यांना द्या. पुढे कुणाला तीच घडी याहून चांगली भरता आली, तर त्याला सुरुवात याच फाइलपासून करावी लागेल.